दीड फर्मा म्हणजे किती?

तळ्यात मे महिन्याचा शेवट म्हणजे स्लॅबची घाई. इंदापूरहून आत वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट उभी घरं दिसतात. खाली बांबूचे नाहीतर लोखंडी टेकू, वर सेंट्रिंगच्या फळ्या, अंगणात खडीचे आणि रेतीचे ढीग. एकदा मृगाची सर आली की चार महिने काम अडणार, म्हणून प्रत्येकाला जूनच्या आधी स्लॅब टाकून मोकळं व्हायचं असतं. नेमक्या याच दिवसांत वळवाचा पाऊसही पडून जातो. रात्री तासभर सर येते, सकाळी ऊन पडतं, मिक्सर येऊन उभा राहतो आणि काम सुरू होतं. रात्रीच्या त्या सरीने रेतीच्या ढिगात काय केलं, हे डोळ्यांना दिसत नाही. या प्रकरणात आपण त्याचाच हिशेब करणार आहोत.

मोठ्या कंपन्यांच्या साइटवर रोज काम सुरू होण्याआधी फोरमन कामगारांना गोळा करून दहा मिनिटं एकाच विषयावर बोलतो. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. विषय बहुधा हेल्मेट, पट्टा, वीज असा सुरक्षेचा असतो. गावातल्या घराच्या कामावर असं कुणी बोलत नाही. तिथे फोरमन म्हणजे मुकादम, आणि त्याचं बोलणं म्हणजे मिक्सरच्या आवाजावर ओरडून दिलेल्या सूचना. पण स्लॅबच्या दिवशी मिक्सर चालू करण्याआधी मुकादमाने ही दहा मिनिटं काढली, तर तो काय सांगेल? समजा, तळ्यातल्या एका दोन मजली घराचा मधला स्लॅब आज टाकायचा आहे. क्षेत्रफळ ८० चौरस मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, म्हणजे १० घनमीटर काँक्रीट. इंजिनियरने एम-२० काँक्रीट सांगितलंय. मुकादमाच्या भाषेत ते एकास दीडास तीन: एक गोणी सिमेंट, दीड फर्मा रेती, तीन फर्मे खडी.

फर्मा आणि शीग

मुकादम सगळ्यांना मिक्सरजवळ बोलावतो. समोर लाकडी फर्मा ठेवलेला आहे.

“पोरांनो, मावशी, जरा इकडं या. हा फर्मा बघा. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ खोल. ३५ लिटरचा. सिमेंटच्या एका गोणीत मावतं तेवढंच ह्यात मावतं, म्हणून हे माप. आज घमेलं मोजायचं नाय. घमेलं फक्त फर्म्यात टाकायला.”

“घमेल्यानं काय होतं? नेहमी तर घमेल्यानंच टाकतो,” एक जण विचारतो.

“तुझं घमेलं आणि मावशीचं घमेलं सारखं भरतं काय? सकाळी भरतोस तसं दुपारी दोनला भरतोस काय?”

मुकादमाचं म्हणणं खरं आहे. घमेल्याच्या कडा पसरट असतात आणि वर ढीग किती चढेल ते भरणाऱ्याच्या दमावर ठरतं. फर्म्याच्या कडा उभ्या असतात, त्यामुळे तो भरला की वर लाकडाची पट्टी फिरवून सपाट करता येतो. धान्य मोजताना पायलीवर शीग चढवतात, तशी इथे चढवायची नाही. ४० बाय ३५ सेंटिमीटरच्या फर्म्यावर मधोमध आठ सेंटिमीटर उंचीची शीग चढली, तर साडेतीन लिटरच्या वर माल जास्त जातो. म्हणजे दर फर्म्यामागे दहा टक्के जास्त. खडीचे तीन फर्मे शिगेचे गेले, तर त्या घाण्यात जवळजवळ अकरा लिटर खडी जास्त पडली. तिला वेढायला सिमेंटचा लगदा मात्र तेवढाच.

सिमेंट मात्र फर्म्याने मोजायचं नसतं. सिमेंट ओतलं की फुगतं, दाबलं की बसतं, त्यामुळे त्याच्या घनफळाचा भरवसा नाही. भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये सिमेंट वजनानेच घ्यायला सांगितलंय आणि मोजणीत दोन टक्क्यांपेक्षा जास्त चूक चालत नाही. ५० किलोच्या गोणीत दोन टक्के म्हणजे एक किलो. छोट्या घरकामावर एवढी अचूकता राखायचा सोपा मार्ग एकच: प्रत्येक घाण्याला अख्खी गोणी. अर्धी गोणी टाकायची वेळ आलीच, तर ती काट्यावर २५ किलो करून टाकायची, अंदाजाने नाही.

हेच मानक रेती आणि खडीसुद्धा शक्यतो वजनानेच मोजा असं सांगतं. वजनाची सोय नसेल तिथे फर्मा चालतो, पण दोन अटींवर. त्या रेतीचं आणि खडीचं लिटरला वजन किती हे आधी काढलेलं असलं पाहिजे आणि रेतीच्या फुगण्याची भरपाई केलेली असली पाहिजे. पहिली अट इंजिनियर एकदा पुरी करतो. दुसरी अट रोज सकाळी नव्याने पुरी करावी लागते आणि ती मुकादमाच्या हातात असते.

ओली रेती का फुगते

कोरडी रेती फर्म्यात ओतली की कण एकमेकांवर घसरत जागा धरतात आणि ढीग बसतो. त्याच रेतीत थोडं पाणी शिरलं की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर धरतो. शेजारच्या दोन कणांमधलं पाणी पृष्ठताणामुळे त्यांना जिथल्या तिथे चिकटवून ठेवतं. कण घसरत नाहीत, बसत नाहीत, त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. मुठीत घेतलेल्या ओल्या रेतीचा गोळा होतो, कोरडीचा होत नाही, त्याचं कारण हेच. फर्मा काठोकाठ भरलेला दिसतो, पण त्यात कण कमी आणि पोकळ्या जास्त असतात.

वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की फुगणं सगळ्यात जास्त असतं. साधारण रेती तेव्हा वीस ते तीस टक्के फुगते. बारीक रेती त्याहून जास्त, कारण कण जितके लहान तितकं त्यांचं एकूण पृष्ठ जास्त आणि पाण्याचे थरही जास्त. गंमत अशी की पाणी आणखी वाढलं तर रेती पुन्हा खाली बसते. कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की चिकटवून ठेवणारे ते थर उरतच नाहीत आणि पूर्ण बुडालेली रेती कोरड्या रेतीएवढीच जागा घेते. म्हणजे ठणठणीत कोरडी आणि पाण्याखाली बुडालेली रेती मापाला सारखी, आणि मधली ओलसर रेती फसवी. रात्रीच्या वळवाने ढिगाला नेमकी हीच मधली ओल दिलेली असते.

आता दीड फर्मा म्हणजे किती, हे बघू. कोरडी रेती दीड फर्मा म्हणजे ५२.५ लिटर. रेती २५ टक्के फुगलेली असेल, तर त्या दीड फर्म्यात खरी रेती भरते फक्त ४२ लिटर. साडेदहा लिटर रेती फर्म्यात कधी आलीच नाही. मोजणाऱ्याने पट्टी फिरवून, काळजीने मोजलं तरीही.

क्रशरच्या रेतीचंही असंच होतं. हल्ली रायगडात नदीच्या रेतीऐवजी दगड फोडून केलेली क्रश सँड जास्त येते. तिच्यात दगडाची भुकटी असते आणि भुकटी म्हणजे अगदी बारीक कण, म्हणून ओली क्रश सँड चांगलीच फुगू शकते. खाडीची रेती आली तर तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुराही असतो. तो प्रश्न मापाने सुटत नाही. सळईला गंज चढवणारी ती रेती या कामात घ्यायचीच नाही.

डब्याची चाचणी

“आता ही रेती किती फुगलीय ते बघू,” मुकादम म्हणतो आणि सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा पुढे घेतो.

डबा सरळ कडांचा हवा, कारण इथे उंची मोजून घनफळ काढायचंय. बादली वर रुंद, खाली अरुंद असते, तिच्यात उंची आणि घनफळ एका प्रमाणात वाढत नाहीत. ढिगाच्या वरच्या पापुद्र्याची रेती घ्यायची नाही, तो उन्हाने सुकलेला असतो. फावड्याने आत खणून, जिथून दिवसभर रेती उचलायची आहे तिथली घ्यायची. डब्यात ती सैल टाकायची, दाबायची नाही, डबा ठोकायचा नाही. कारण फर्म्यातही ती तशीच सैल पडणार आहे.

रेती डब्याच्या दोन तृतीयांशापर्यंत भरून वरून सपाट केली. पट्टी उभी धरून उंची मोजली: २० सेंटिमीटर. मग रेती एका कागदावर काढली, एक कणही न सांडता. डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, रेती हळूहळू परत आत सोडली आणि सळईच्या तुकड्याने ढवळली, म्हणजे अडकलेली हवा बुडबुडे होऊन निघून जाते. रेती खाली बसली. पाण्याखाली सपाट झालेल्या रेतीची उंची पुन्हा मोजली: १६ सेंटिमीटर.

“वीसची सोळा झाली. चार कमी. सोळावर चार म्हणजे किती?”

“चौथा हिस्सा,” मागून एक मावशी सांगते.

“बरोबर. पंचवीस टक्के फुगलीय. म्हणजे आज दीड फर्म्याचं किती घ्यायचं? दीडाचा चौथा हिस्सा वर. एक फर्मा पूर्ण, आणि दुसऱ्या फर्म्याला सव्वातीन पाव नाय, साडेतीन पाव.”

साडेतीन पाव म्हणजे एका फर्म्याचे आठातले सात भाग. फर्मा २५ सेंटिमीटर खोल आहे, त्यामुळे ही रेघ तळापासून साधारण २२ सेंटिमीटरवर येते. मुकादम फर्म्याच्या आतल्या बाजूने चारही कडांवर खडूने ही रेघ ओढतो. आता हिशेब कुणाला करायचा नाही. रेतीचा पहिला फर्मा काठोकाठ, दुसरा रेघेपर्यंत. रेती कोरडी असती तर तीच रेघ साडेबारा सेंटिमीटरवर असती. फुगणं वीस टक्के निघालं असतं तर वीस सेंटिमीटरवर.

ही चाचणी एकदा करून भागत नाही. दुपारपर्यंत ऊन तापतं, ढीग उकरला जातो आणि रेती सुकत जाते. दुपारी पुन्हा २० सेंटिमीटर रेती बुडवली आणि ती १८ वर बसली, तर फुगणं आता अकरा टक्केच राहिलं. सकाळची रेघ तशीच ठेवली तर आता रेती जास्त जाईल, सिमेंटचा लगदा पुरणार नाही आणि माल रुक्ष होईल. म्हणून दुपारी रेघ पुसून १७ सेंटिमीटरवर ओढायची. रेतीचा नवा ट्रक आला तरी पुन्हा मोजायचं. रात्री ढिगावर ताडपत्री टाकली तर दिवसभरात ओल फारशी बदलत नाही आणि ही धावपळ कमी होते.

रेतीत दडलेलं पाणी

“आता दुसरी गोष्ट. पाणी,” मुकादम म्हणतो. “आज एका गोणीला पाणी २७ लिटर. पण पाइपानं पाणी सोडायचं नाय. हे दहा लिटरचे डबे. दोन डबे भरून, आणि तिसरा ह्या तीनच्या रेघेपर्यंत.”

“ते तेवीस झाले, सत्तावीस नाय.”

“चार लिटर रेतीतच हायत.”

एका घाण्याची कोरडी रेती सुमारे ८० किलो असते. तिच्यात पाच टक्के ओल म्हणजे चार लिटर पाणी. आयएस ४५६ मध्ये मध्यम ओल्या रेतीसाठी हाच अंदाज दिलेला आहे: एक घनमीटर रेतीत सुमारे ८० लिटर पाणी. हे पाणी कणांना चिकटून मिक्सरमध्ये जातं आणि सिमेंटला मिळतं. बादलीतून आलं काय नि रेतीतून आलं काय, सिमेंटच्या दृष्टीने पाणी ते पाणीच.

पाण्याची मोजणी एवढी कडक का, याचं उत्तर शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये दिलं. त्यांनी काँक्रीटवर पुष्कळ चाचण्या केल्या आणि दाखवलं की चांगल्या, नीट दाबून बसवता येणाऱ्या काँक्रीटची ताकद मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: सिमेंटच्या मानाने पाणी किती. सिमेंट दगडासारखं घट्ट व्हायला जेवढं पाणी लागतं, ते आपण घालतो त्यापेक्षा बरंच कमी असतं. बाकीचं पाणी माल हलता-पसरता राहावा म्हणून असतं. ते पुढे निघून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. छिद्रं जास्त म्हणजे ताकद कमी, आणि पाणी व खारी हवा आत शिरून सळईपर्यंत पोहोचायची वाटही मोकळी.

आपल्या घाण्यात हा हिशेब करून बघू. ५० किलो सिमेंटला २७ लिटर पाणी म्हणजे ०.५४ हे प्रमाण. रेतीतले चार लिटर धरले नाहीत आणि पूर्ण २७ लिटर ओतले, तर मिक्सरमध्ये ३१ लिटर जातात आणि प्रमाण ०.६२ होतं. अब्राम्स यांच्या मूळ सूत्रात हे आकडे घातले तर ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. वर माल जड वाटतोय म्हणून कुणी आणखी पाच लिटर टाकलं, तर प्रमाण ०.७२ आणि घट चाळीस टक्क्यांच्या आसपास. सूत्र शंभर वर्षांपूर्वीच्या सिमेंटचं आहे, त्यामुळे आजच्या सिमेंटला नेमका आकडा वेगळा येईल. पण घसरण किती मोठी असते, याचा अंदाज त्यावरून येतो.

गोण्यांचा हिशेब फसवतो

या दोन चुका एकमेकींवर पांघरूण घालतात.

नीट मोजलेला एक घाणा तयार झाला की त्याचं काँक्रीट सुमारे १३१ लिटर भरतं. त्यात सिमेंटचे कण सोळा लिटरची जागा घेतात, रेतीचे कण तीस, खडी छप्पन्न, पाणी सत्तावीस आणि थोडी हवा. १० घनमीटरच्या स्लॅबला अशा हिशेबाने ७६ गोण्या लागतील.

आता एखाद्या मुकादमाने पाण्यातून चार लिटर वजा केले, पण रेतीची भरपाई केली नाही असं धरू. दर घाण्यात रेतीचा पाचवा हिस्सा कमी पडला, म्हणजे कणांच्या घनफळात सहा लिटर. घाणा १२५ लिटरवर आला आणि त्याच स्लॅबला ८० गोण्या लागल्या. चार गोण्या सिमेंट रेतीच्या जागी गेलं. ताकदीला बाध नाही, पण पैसा वाया. शिवाय रेती कमी असलेला माल खरखरीत होतो. खडी वेगळी पडते, सळयांच्या जाळीखाली माल पोहोचत नाही आणि सेंट्रिंग काढल्यावर स्लॅबच्या पोटाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

ज्याने रेतीची भरपाईही केली नाही आणि पाणीही वजा केलं नाही, त्याचं काय? त्याच्या घाण्यातून सहा लिटर रेती गेली आणि चार लिटर पाणी आलं. घाणा भरला १२९ लिटर. स्लॅबला लागल्या ७७ किंवा ७८ गोण्या, नीट मोजणाऱ्यापेक्षा जेमतेम एक-दोन जास्त. घरमालकाने रिकाम्या गोण्या मोजल्या तरी त्याला काही खटकणार नाही. उलट, ठेकेदारांच्या ढोबळ हिशेबात घनमीटरला आठ गोण्या धरतात, त्यामानाने काम काटकसरीचंच दिसेल. आणखी पाणी ओतणाऱ्याचा घाणा तर याहून मोठा भरेल आणि गोण्या आणखी कमी लागतील. सगळ्यात कमकुवत स्लॅब कागदावर सगळ्यात स्वस्त दिसतो.

म्हणून गोण्या मोजणं हे एकट्याने पुरेसं नाही. तरीही ते करायचंच, कारण त्यातून वेगळी चूक सापडते. मिक्सरवाला प्रत्येक गोणी फाडली की फळीवर एक रेघ मारतो. दिवसाच्या शेवटी रेघा आणि रिकाम्या गोण्या जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर एखादा घाणा बिनसिमेंटचा किंवा दोन गोण्यांचा गेलेला असतो.

माल जड झाला तर

वर स्लॅबवरून गवंडी ओरडतो, “माल सुका येतोय, पाणी वाढव!” अशा वेळी मिक्सरजवळच्या हेल्परने काय करायचं, हे मुकादमाला सकाळीच सांगून ठेवावं लागतं, कारण तेव्हा तो स्वतः वर असू शकतो.

“वरून कुणी कितीबी ओरडलं, पाणी तुम्ही वाढवायचं नाय. मला बोलवायचं. पाण्याचा डबा आज एकट्या भाऊच्या हातात राहील. दुसऱ्यानं हात लावायचा नाय.”

माल जड वाटायची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला पाणी हे उत्तर नाही. मिक्सर पुरेसा फिरला नसेल तर माल सुका दिसतो; मानकाप्रमाणे घाणा किमान दोन मिनिटं फिरवायला हवा, आणि घाईत तो मिनिटभरात ओतला जातो. खडी उन्हात तापून कोरडीठाक झाली असेल तर ती स्वतःच पाणी पिते; तिच्यावर सकाळी पाणी मारून ठेवलं की हे टळतं. रेती कमी पडली असेल तर माल खरखरीत होतो. तेव्हा डब्याची चाचणी पुन्हा करायची. या सगळ्यात चूक नसेल आणि तरीही माल खरोखर हलत नसेल, तर पाणी आणि सिमेंट दोन्ही त्याच प्रमाणात वाढवायचं. नुसतं पाणी कधीच नाही.

मुकादमाजवळ स्लंपचा कोन असेल तर वाद लवकर मिटतो. ३० सेंटिमीटर उंचीच्या या पत्र्याच्या शंकूत माल तीन-चार थरांत भरतात, प्रत्येक थर सळईने कोचतात आणि कोन सरळ वर उचलतात. माल किती खाली बसला ते मोजतात. व्हायब्रेटर लावून भरायच्या स्लॅबला ५० ते १०० मिलिमीटर बसणं ठीक. कालच्या घाण्यापेक्षा आज माल एकदम जास्त बसला, तर पाणी कुठून तरी आलं आहे, आणि ते बहुधा रेतीच्या ढिगातून. कडेने घसरून फुटला, तर रेती कमी पडली असण्याची शक्यता मोठी.

यावर शेवटचा न्याय घनांचा. १५ सेंटिमीटरच्या घनाकृती साच्यांत माल भरून, पाण्यात ठेवून २८ दिवसांनी दाबून फोडतात. १० घनमीटरच्या कामाला मानकाप्रमाणे दोन नमुने, प्रत्येकाचे तीन घन. पण हा निकाल येतो तोपर्यंत सेंट्रिंग निघून, वरच्या मजल्याच्या भिंतीही चढायला लागलेल्या असतात. सात दिवसांचे घन फोडले तर निदान आधी इशारा मिळतो. तरीही स्लॅबमध्ये गेलेला माल परत काढता येत नाही. सुधारायची वेळ फर्मा भरतानाच असते.

फर्म्याची हद्द

एवढं सगळं नीट केलं तरी एकास दीडास तीन हे प्रमाण सगळीकडे चालत नाही, हे मुकादमाने आणि घरमालकाने दोघांनीही लक्षात ठेवावं. ठरावीक प्रमाणांनी काँक्रीट करायला मानक परवानगी देतं ते एम-२० पर्यंतच, आणि तेही घराच्या आतल्या, पावसापासून आणि खाऱ्या हवेपासून झाकलेल्या भागासाठी. जोरदार पाऊस थेट झेलणारा, ओला-सुका होत राहणारा उघडा भाग मानकाच्या भाषेत ‘तीव्र’ परिस्थितीत मोडतो. त्याला किमान एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि पाण्याचं प्रमाण ०.४५ च्या आत लागतं. तळ्याच्या पावसात उघडी गच्ची याच वर्गात येते. मांदाडच्या खाडीलगतच्या बांधकामाला खाऱ्या हवेचाही विचार करावा लागतो. अशा कामाचं मिश्रण प्रयोगशाळेत ठरवून घ्यावं लागतं आणि वजनाने मोजावं लागतं. त्याला फर्मा पुरत नाही.

चुकून चुकीचा घाणा झालाच, तर त्याचं काय करायचं, हेही सकाळीच ठरलेलं असावं. दोन गोण्यांचा घाणा जोखमीचा नाही, फक्त महाग आहे. पण सिमेंट विसरलेला किंवा पाणी ओतून पातळ केलेला घाणा स्लॅबवर न्यायचा नाही, मग वर माणसं वाट बघत उभी असली तरी. तो अंगणातल्या जमिनीच्या थराखाली किंवा खड्डा भरायला वापरायचा, जिथे त्याच्या ताकदीवर काही उभं राहणार नाही. एका घाण्याचा तोटा म्हणजे एक गोणी सिमेंट आणि जेमतेम पाच फर्मे खडी-रेती. तोच घाणा दोन खांबांमध्ये स्लॅबच्या मधोमध पडला, तर पुढची पन्नास वर्षं त्या जागी सगळ्यात जास्त वाकणारा भाग सगळ्यात कमकुवत राहतो.

“पहिल्या घाण्याला मी उभा राहतो,” मुकादम म्हणतो. “रेती एक फर्मा पूर्ण, दुसरा रेघेपर्यंत. खडी तीन, सपाट. गोणी एक. पाणी तेवीस. दोन मिनिटं फिरवा. दुपारी जेवणानंतर रेती परत मोजू, तोपर्यंत रेघ कुणी पुसायची नाय.”